सतरावा दिवस: केमो, केस आणि डोक्याची कातडी

"सिस्टर, केस कधी जाणार?" हा प्रश्न मला बहुतेक बायका पहिलं सलाईन चालू झाल्यावर विचारतात. तोवर निम्मा उशीर झालेला असतो. केस वाचवायची जी एक टोपी आहे, ती पहिल्या सलाईनच्या अर्धा तास आधी डोक्यावर चढलेली असावी लागते. आणि केस जाणारच असतील तर त्याच्या तयारीसाठी हातात जेमतेम दोन आठवडे उरलेले असतात.

मी मिरजेत केमोच्या डे-केअरमध्ये काम करते. मिरज-सांगलीला उपचारासाठी जत, आटपाडीपासून कर्नाटकातल्या अथणीपर्यंतची माणसं येतात, तेव्हा हा प्रश्न मी दोन भाषांत ऐकलाय. पण घरात तो एकदाच आला, माझ्या तासगावच्या वहिनींना स्तनाचा कॅन्सर निघाला तेव्हा. म्हणून त्यांच्याच तारखा धरून सांगते. एकाच माणसाचं सगळं वर्ष डोळ्यांसमोर राहिलं की आपलं वेळापत्रक आपल्याला मांडता येतं.

आधी केमोचं नाव विचारा

"केमो म्हणजे टक्कल" हे सरसकट खरं नाही. औषध कुठलं, यावर सगळं ठरतं. डॉक्टरांना पहिल्याच भेटीत विचारा, "माझ्या केमोचं नाव काय, ती किती वेळा आणि किती दिवसांनी?" आणि ते वहीत लिहून घ्या.

वहिनींच्या कागदावर लिहिलं होतं एसी चार वेळा, दर तीन आठवड्यांनी, आणि मग पॅक्लिटॅक्सेल बारा आठवडे, दर आठवड्याला. (दादाला पहिल्यांदा वाटलं, एसी म्हणजे खोलीचा दर.) एसीतला ए म्हणजे डॉक्सोरुबिसिन, ज्याला आमच्याकडं सगळे "लाल औषध" म्हणतात, आणि सी म्हणजे सायक्लोफॉस्फामाइड. ही जोडी बहुतेक सगळ्यांचे केस नेते. पॅक्लिटॅक्सेल आणि डोसिटॅक्सेलही नेतात, आणि जाताना भुवया-पापण्याही घेऊन जातात. उलट कॅपेसिटाबिनच्या गोळ्या किंवा जेमसिटाबिन यांच्यावर असलेल्यांचे केस बहुधा नुसते विरळ होतात. शेजारणीच्या नवऱ्याचे केस राहिले म्हणून तुमचे राहतील असं नाही, आणि कुणाचे गेले म्हणून तुमचे जातीलच असंही नाही.

कारण सोपं आहे. केसाच्या मुळाशी कांद्याच्या गाठीसारखा एक फुगीर भाग असतो. तिथल्या पेशी शरीरातल्या सर्वांत भराभर वाढणाऱ्या पेशींपैकी आहेत. केमो भराभर वाढणाऱ्या पेशींना धरते, त्यात ही गाठही सापडते. डोक्यावरच्या केसांपैकी साधारण दहातले नऊ कुठल्याही वेळी वाढीत असतात, म्हणून एकदम ओंजळीनं जातात. गाठीच्या जरा वर, केसाच्या नळीच्या बाजूला, बी राखून ठेवणाऱ्या पेशी असतात. त्या संथ असतात म्हणून बहुधा वाचतात, आणि त्यांच्यापासूनच पुढं केस परत येतात.

थंड टोपी: घ्यायची की नाही

डोक्याची कातडी गार केली की तिथल्या रक्तवाहिन्या आक्रसतात, औषध मुळापर्यंत कमी पोचतं, आणि गारठलेल्या पेशी आलेलं औषधही कमी ओढून घेतात. तत्त्व एवढंच आहे. त्यासाठी यंत्र असतं. सिलिकॉनची टोपी, तिच्यात नळ्या, नळ्यांतून गार द्रव सतत फिरतो. टोपीखालची कातडी साधारण २० अंशांच्या आसपास आणावी लागते. अमेरिकेत अशा यंत्राला स्तनाच्या कॅन्सरसाठी पहिली मंजुरी २०१५ च्या डिसेंबरात मिळाली. २०१७ मध्ये तिथल्या दोन अभ्यासांचे निकाल आले. एकात जवळपास निम्म्या बायकांचे, दुसऱ्यात साधारण तीनांतल्या दोघींचे अर्ध्याहून जास्त केस टिकले. टोपी न घातलेल्यांत एकीचेही तेवढे टिकले नाहीत. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्येही आपल्याकडच्या बायकांवर चाचणी झाली, तिथंही निम्म्याहून थोड्या जास्त जणींना फायदा झाला.

इथं "केस टिकले" याचा अर्थ नीट समजून घ्या. निम्म्यापेक्षा कमी गळाले, म्हणजे विग लागला नाही, तर अभ्यासात ते यश धरतात. विंचरताना केस जातातच. टोपी घातली आणि एकही केस गेला नाही, असं मी पाहिलेलं नाही.

दुसरी गोष्ट जाहिरातीत लिहीत नाहीत. टोपी डोसिटॅक्सेल-पॅक्लिटॅक्सेलच्या गटाला जितकी चालते, तितकी लाल औषधाला चालत नाही. वहिनींच्या बाबतीत आम्ही हेच तोललं. आमच्या डे-केअरला यंत्र नव्हतं, ते पुण्याला जाऊनच मिळणार होतं. त्यात पहिल्या चार केमो लाल औषधाच्या. दर खेपेला सव्वादोनशे किलोमीटर जायचं, वर टोपीचे वेगळे पैसे, आणि यशाची आशा कमी. वहिनी म्हणाल्या, "वन्सं, तेवढ्या पैशात द्राक्षाच्या खरड छाटणीची मजुरी भागंल." विषय संपला. हा निर्णय त्यांच्यापुरता बरोबर होता.

माझ्या ओळखीच्या, विश्रामबागेत राहणाऱ्या एका शिक्षिकेचा मात्र वेगळा होता. त्यांना टीसी नावाची केमो होती, डोसिटॅक्सेल आणि सायक्लोफॉस्फामाइड, चारच वेळा. शाळेत मुलांसमोर उभं राहायचं होतं. त्या चारही खेपा पुण्याला गेल्या. त्यांचा एक दिवस सांगते, म्हणजे टोपी म्हणजे काय ते कळेल.

आदल्या रात्री केस सौम्य शाम्पूनं धुतलेले, तेलाचा थेंब नाही. तेलाचा थर कातडी आणि टोपीच्या मध्ये येतो. सकाळी सिस्टरनी केस पाण्यानं ओले केले, थोडं कंडिशनर लावलं, मागं वळवून सपाट बसवले. कपाळाच्या कडेला आणि कानांवर मऊ गॉझ, कारण गारठा तिथं चावतो. मग टोपी, वरून घट्ट आवरण, हनुवटीखाली पट्टा. औषध सुरू होण्याआधी अर्धा तास टोपी चालू (केस दाट असतील तर पाऊण तास), औषध चालू असताना पूर्ण वेळ, आणि औषध संपल्यावरही टोपी तशीच. तो शेवटचा वेळ औषधाप्रमाणं बदलतो, वीस मिनिटांपासून दीड तासापर्यंत. त्यांचे एकूण चार तास जायचे. पहिली दहा-पंधरा मिनिटं सगळ्यांत वाईट. बर्फाचा गोळा एकदम खाल्ल्यावर कपाळात जी कळ जाते, तशी डोकंभर कळ. मग कातडी बधिर होते आणि सुसह्य होतं. त्यांनी शाल आणि लोकरीचे मोजे नेले होते, आणि आधी पॅरासिटामॉल घ्यायची का हे डॉक्टरांना विचारून घेतलं होतं.

तिसऱ्या केमोनंतर त्यांच्या माथ्यावर, जिथं पोळी फुगते तसा डोक्याचा उंचवटा असतो तिथं, रुपयाच्या नाण्याएवढा गोल मोकळा झाला. बाकी केस जागेवर. याचं कारण जवळपास नेहमी एकच असतं. टोपी तिथं टेकत नव्हती. मध्ये हवा राहिली की कातडी पुरेशी गार होत नाही. म्हणून टोपी चढल्यावर सिस्टरना सांगा, "माथ्यावर दाबून बघा." आपण स्वतः हात ठेवून पाहा, कुठं पोकळ लागतंय का. एक नंबर लहान टोपी घट्ट बसत असेल तर तीच घ्या. चौथ्या वेळी त्यांनी लहान घेतली. विरळ झालेले केस पुढं घेऊन त्या पूर्ण सत्रभर शाळेत गेल्या.

टोपीवर असणाऱ्यांसाठी घरचे नियमही आहेत. केस आठवड्यातून एकदा-दोनदाच धुवायचे, कोमट पाण्यानं. ड्रायर, रंग, घट्ट वेणी, सगळं बंद. पण रुंद दातांच्या फणीनं रोज हलक्या हातानं विंचरायचं. गळालेले केस तसेच राहिले तर त्यांची जटा होते, आणि ती सोडवताना धडके केसही जातात.

काही जणांनी टोपी घ्यायचीच नाही. रक्ताचे कॅन्सर, म्हणजे ल्युकेमिया किंवा लिम्फोमा, असलेल्यांना ती देत नाहीत. तिथं कॅन्सरच्या पेशी रक्तातून सगळीकडं फिरत असतात, डोक्याच्या कातडीतही औषध पोचायलाच हवं. गारठ्यानं अंगावर गांधी उठणारे, थंडीनं रक्त गोठण्याचा विकार असलेले, आणि डोक्याला रेडिएशन घ्यायचं असलेले यांनाही नाही. "मग स्तनाच्या कॅन्सरच्या पेशी टोपीखाली लपून बसतील का?" हा प्रश्न योग्य आहे. तो तपासला गेलाय, आणि टोपी घातलेल्या व न घातलेल्या बायकांत डोक्याच्या कातडीत गाठ येण्याचं प्रमाण सारखंच, फार थोडं, आढळलं.

आणि घरच्या बर्फाचं काय? फ्रीजमधल्या बर्फाची पिशवी टॉवेलात गुंडाळून डोक्यावर धरणारे नातेवाईक मी पाहिलेत. त्यातून समान गारवा मिळत नाही, मिळतो तो एका ठिकाणी गोठल्याचा डाग. तसं करू नका.

सरकारी योजनेतून केमो होत असेल तर टोपीचा खर्च त्यात बसतो का, हे रुग्णालयाच्या योजनेच्या खिडकीवर आधी विचारा. पहिल्या सलाईनच्या दिवशी विचारून उपयोग नाही.

सतराव्या दिवसाच्या आधी

वहिनींची पहिली केमो ६ फेब्रुवारीला झाली. तो पहिला दिवस धरा. लाल औषधानं केस साधारण दोन ते तीन आठवड्यांनी सुटतात. मी त्यांच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर २२ फेब्रुवारीला, म्हणजे सतराव्या दिवशी, पेनानं गोल केला होता.

केस सुटण्याच्या दोन-तीन दिवस आधी डोकं बोलतं. कातडी दुखते. दिवसभर घट्ट अंबाडा बांधून रात्री सोडला की मुळाशी कसं ठणकतं, तसं. उशीवर डोकं ठेवलं तरी टोचतं. हे दुखणं केस बारीक केले की बरंच कमी होतं, आणि लांब केस ओंजळीत आल्याचा धक्काही कमी बसतो.

वहिनींचे केस कमरेपर्यंत होते. ते आम्ही पहिल्या केमोच्या आधीच्या रविवारी खांद्यापर्यंत आणले. आधी दोन्ही टोकांना रबर घालून वेणी घट्ट बांधली आणि वरच्या रबराच्या वर कात्री चालवली. सुटे केस कापले तर पुढं काही करता येत नाही. बांधलेली वेणी मात्र नंतर ओढणीच्या आत पुढं बट दिसेल अशी शिवून लावता येते, किंवा विगवाल्याला रंगाचा नमुना म्हणून दाखवता येते. विग घ्यायचाच असेल तर याच वेळी, केस डोक्यावर असताना मापून घ्या.

उरलेले केस २० फेब्रुवारीला, डोकं दुखायला लागल्यावर, दादानं मागच्या सोप्यात काढले. स्वतःच्या दाढीच्या मशीननं. आमच्याकडं "झिरो मशीन मारा" म्हणतात. झिरो नको. पुढं प्लास्टिकचा एक नंबरचा कंगवा लावून, तीनेक मिलीमीटर ठेवून काढा. मशीनचं पातं आधी स्पिरीटनं पुसा.

आणि वस्तरा तर बिलकूल नको. हे ठासून सांगण्याचं कारण असं. या केमोनंतर पांढऱ्या पेशी सर्वांत खाली येतात त्या साधारण दहाव्या ते चौदाव्या दिवशी. केस सुटायची वेळ नेमकी त्याला लागून येते. आमच्याकडं एका काकांनी बायकोचं डोकं गावच्या न्हाव्याकडून बाराव्या दिवशी वस्तऱ्यानं गुळगुळीत करून घेतलं. कानामागं बारीकसा काप बसला. एरवी त्याकडं कुणी बघितलंही नसतं. तिसऱ्या दिवशी तिथं पिवळी फोडं, रात्री १०१ ताप, आणि पाच दिवस रुग्णालयात इंजेक्शनं. न्हाव्याची चूक नव्हती, दिवसाची होती.

वहिनींची अडचण मात्र वेगळीच निघाली. त्या मशीनला घाबरल्या नाहीत. "वन्सं, आत्याबाई काय म्हणतील? हे जित्ते असताना डोकं भादरायचं?" आमच्या आजीच्या पिढीनं विधवांचं केशवपन पाहिलेलं, त्याची सावली अजून घरात आहे. मी आईला, म्हणजे वहिनींच्या आत्याबाईंना, बाजूला घेऊन बोलणार होते, तेवढ्यात आई स्वतःच स्टूल घेऊन आली आणि वहिनींचं कुंकू नीट करून शेजारी बसली. ज्या घरात असं होणार नाही, तिथं हे बोलणं केमोच्या आधी करून घ्या. मशीन हातात घेतल्यावर तो वाद नको. गल्लीतल्यांनी "तिरुपतीला जाऊन आलात काय?" विचारलं तर काय सांगायचं, तेही तुमचं तुम्ही ठरवून ठेवा. वहिनी सरळ "होय" म्हणायच्या.

२३ तारखेला ते तीन मिलीमीटरचे खुंट सुटायला लागले. हे टोचतात, मानेत जातात, उशीत रुततात. पार्सलची रुंद चिकटपट्टी हाताला उलटी गुंडाळून डोक्यावर हलकेच टेकवली की खुंट निघून येतात. चोळायचं नाही. मोरीच्या तोंडाला जाळी बसवा.

उघडं डोकं सांभाळताना

डोक्याची कातडी जन्मभर केसांखाली राहिलेली असते. ती चेहऱ्यापेक्षा नाजूक निघते. रोज कोमट पाणी, लहान मुलांचा सौम्य शाम्पू थोडासा, मऊ कापडानं टिपून घ्यायचं. कोरडी पडली तर बिनवासाचं मॉइश्चरायझर किंवा दोन थेंब खोबरेल, हातावर पसरून. खसाखसा मालीश नको, गरम तेल नको.

केस राखण्यासाठी कांद्याचा रस, लसणाची पेस्ट, जास्वंदीचा लेप, हे सगळं आमच्याकडं येणाऱ्या बायकांनी लावून पाहिलंय. केस थांबले नाहीत. कांदा-लसणानं मात्र कातडी भाजलेली मी दोनदा पाहिली.

ऊन ही सांगली जिल्ह्याची खरी अडचण. एप्रिलमध्ये वहिनी तिसऱ्या आणि चौथ्या केमोच्या मध्ये बागेत खरड छाटणी बघायला गेल्या, सकाळी दहाला, डोक्यावर नायलॉनच्या साडीचा पदर. पदराखाली त्यांचा माथा भाजला. झिरझिरीत कापडातून ऊन आत येतं. एसपीएफ ३० किंवा वरचं सनस्क्रीन बाहेर पडण्याआधी लावायचं, आणि वर जाड विणीचं सुती कापड. दहा ते चारमध्ये बागेत जायचंच नाही, हे तर आहेच. फवारणी चालू असेल त्या दिवशी तर बांधावरही नको.

पदर केस नसलेल्या डोक्यावरून घसरतो, हे केस असणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. पदर धरून ठेवतात ते केस. दिवसातून पन्नास वेळा पदर सावरून वहिनी रडकुंडीला आल्या. उपाय दोन दिवसांत सापडला. जुन्या सुती परकराच्या कापडाची, आत शिवण न येणारी, डोक्याला बसती टोपी शिवून घेतली. शिवण बाहेरच्या बाजूला, कारण आतली शिवण रात्रभर रुतते. त्या टोपीला पदर दोन पिनांनी लावला की दिवसभर हलत नाही. सॅटिन किंवा नायलॉनचा स्कार्फ घेतला तरी आत ही टोपी लागतेच. पुरुषांचं त्या मानानं सोपं, आमच्याकडं पांढरी टोपी आहेच. पण कवठ्याचे एक आजोबा डोक्याचं काही बोलले नाहीत, मिशी गेल्यावर मात्र महिनाभर चावडीवर गेले नाहीत.

केव्हा दवाखान्यात यायचं? डोक्यावर पू भरलेली फोडं, वाढत जाणारी लाली, गरम लागणारा दुखरा पट्टा दिसला तर त्याच दिवशी. आणि ताप १००.४ किंवा वर गेला तर सकाळची वाट पाहायची नाही, रात्रीच निघायचं. ताप उतरवायची गोळी घेऊन झोपू नका. गोळी ताप झाकते, जंतू तसेच राहतात. घरात थर्मामीटर नसेल तर विगच्या आधी तो घ्या.

भुवया जातात तेव्हा

डोक्याचे केस गेले की माणसांना वाटतं झालं, संपलं. १ मेपासून वहिनींचं दर आठवड्याचं पॅक्लिटॅक्सेल सुरू झालं आणि जूनअखेर भुवया, पापण्या गेल्या. हे बऱ्याच जणींना कुणी आधी सांगितलेलं नसतं. पापण्या नसल्या की धूळ आणि घाम सरळ डोळ्यात, सारखं पाणी. साधा बिननंबरचा चष्मा लावला तरी फरक पडतो. नाकातले केसही जातात, म्हणून नाक गळतं, सर्दी समजून औषधं घेऊ नका. भुवया असतानाच एक चांगला जवळचा फोटो काढून ठेवा, पेन्सिलनं रेघ कुठून कुठवर न्यायची ते पुढं आठवत नाही. टिकली चिकटवायची जागा खाजत असेल तर गोंदाची टिकली बंद करून ओलं कुंकू लावा.

नवे केस: ओळख लागायला वेळ लागतो

वहिनींची शेवटची केमो १७ जुलैला झाली. दोन-तीन आठवड्यांनी डोक्यावर पिसासारखी लव दिसली. खरे केस त्यानंतर, साधारण एक-दोन महिन्यांत धरतात, आणि मग महिन्याला एक सेंटीमीटरच्या आसपास वाढतात. हिशेब स्वतः मांडून पाहा. दिवाळीत बोटाच्या पेराएवढे, संक्रांतीला पाचेक सेंटीमीटर. खांद्यापर्यंत यायला दोन वर्षांच्या वर. ज्याला हा हिशेब माहीत नसतो तो चौथ्या महिन्यात महागडं तेल विकत घेतो.

गणपतीत आईनं ती लव पाहिली आणि म्हणाली, "हे जावळच की. एकदा काढून टाका, म्हंजे दाट येतील." लहान मुलाचं जावळ काढल्यावर केस दाट येतात हा आपल्याकडचा पक्का समज. लव टोकाला निमुळती असते. कापली की मधला जाड भाग वर दिसतो आणि बोटाला राठ लागतो, म्हणून दाट वाटतं. मूळ कातडीच्या आत आहे, मशीनला ते दिसतही नाही. वहिनींनी काढली नाही. काढली असती तरी फक्त एक महिना मागं पडल्या असत्या.

आता "वेगळे" म्हणजे काय. वहिनींचे केस सरळ, काळेभोर होते. आले ते करडे, आणि मानेवर मेंढीच्या लोकरीसारखे कुरळे. केसाचा आकार त्याच्या नळीच्या आकारावर आणि रंग मुळातल्या रंगपेशींवर ठरतो. दोन्ही केमोतून सावरत असतात, एकाच वेगानं सावरत नाहीत. रंगपेशी उशिरा कामाला लागल्या की केस आधी पांढरा येतो आणि पुढं त्याच मुळातून काळा येऊ शकतो. कुरळेपणा बहुतेकींचा सहा महिने ते वर्षभरात कमी होत जातो. काही जणींचा पोत मात्र कायमचा बदलतो. चाळिशी-पन्नाशीत केमो झाली असेल तर थोडे पांढरे केस तसेही येणारच होते, ते केमोच्या नावावर लिहू नका.

रंगाची घाई सगळ्यांना असते. सहा महिने थांबा. बाजारातल्या "काळी मेहंदी"त बहुधा पीपीडी नावाचं रसायन असतं. केमोनंतरच्या कातडीला ते झोंबू शकतं, डोळे सुजेपर्यंत. सहा महिन्यांनीही आधी कोपराच्या आतल्या बाजूला टिपकाभर लावून ४८ तास बघा. कुरळे केस सरळ करायचे पार्लरचे उपचार या वर्षात नकोत. त्यातल्या बऱ्याच द्रवांतून गरम केल्यावर फॉर्मल्डिहाइड निघतं, आणि केसही अजून तेवढे पक्के नसतात.

केसांसाठी म्हणून बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर रक्त तपासणीच्या आधी लॅबमध्ये सांगा. मोठ्या डोसमध्ये ते थायरॉईडचे आणि हृदयाचे काही आकडे चुकीचे दाखवतं. केमोनंतर केस लवकर यावेत म्हणून काही डॉक्टर मिनॉक्सिडिल देतात. ते स्वतः आणून लावू नका, आणि लावलं तरी केमो चालू असताना त्यानं गळती थांबत नाही.

केमो संपून सहा महिने झाले आणि माथा अजून उघडाच असेल, तर "येतील हळूहळू" म्हणत बसू नका, त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. डोसिटॅक्सेलनंतर थोड्या जणींचे केस पूर्ण येतच नाहीत. पण त्याआधी दोन साध्या गोष्टी बघायच्या असतात. एक, थायरॉईड आणि रक्तातलं लोह. दोन, तुम्ही आता टॅमॉक्सिफेन किंवा लेट्रोझोल या हार्मोन रोखणाऱ्या गोळ्या घेताय का. या गोळ्यांनी कपाळावरचा आणि भांगाजवळचा भाग विरळ राहतो. काही बायका ते केमोचं समजून गप्प राहतात, काही कारण कळल्यावर गोळ्या मनानंच बंद करतात. बंद करू नका. ओपीडीत स्पष्ट सांगा, "भांग रुंद होतोय." त्यावर काय करता येईल ते डॉक्टर बघतात.

वहिनी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला पहिल्यांदा पदराशिवाय बसल्या. कुणीतरी ताटातून गजरा पुढं केला. पाच सेंटीमीटरच्या कुरळ्या केसांत आकडा धरत नाही, दोनदा घसरून पाटावर पडला. शेवटी त्यांनी तो मनगटाला गुंडाळला आणि मला म्हणाल्या, "वन्सं, पिन किती लांबीला धरती, ते लिवून ठेवा तुमच्या वहीत." धरली ती मार्चच्या शेवटी, सात सेंटीमीटरला, दोन बारीक पिना फुलीसारख्या एकमेकींत अडकवून.